सीटी रिपोर्टच्या सात ओळी घरच्यांना कशा सांगायच्या?

प्रश्न: माझे सासरे ६४ वर्षांचे, कळव्याला राहतात. डायबेटिस आहे. पूर्वी बिडी ओढायचे, आता सोडली आहे. गुरुवारी रात्री डाव्या कुशीत असह्य कळ आली म्हणून पोटाचा साधा सीटी केला. दिरांनी रिपोर्टचा फोटो घरच्या ग्रुपवर टाकलाय. ‘इम्प्रेशन’खाली सात ओळी आहेत. सासूबाई म्हणतात किडनी गेली, मामेसासरे म्हणतात गाठी म्हणजे कॅन्सरच. इंजेक्शननंतर दुखणं थांबलंय. युरोलॉजिस्टची वेळ सोमवारची मिळाली आहे. इंग्रजी थोडंफार मलाच येतं, म्हणून सगळे मला विचारतायत. यात गंभीर काय आणि काय नाही, हे त्यांना मराठीत कसं सांगू? – ऐरोलीहून एक सून

उत्तर: सोमवारच्या आधीची गोष्ट आधी सांगते. घरात थर्मामीटर असेल तर सासऱ्यांचा ताप आज तीन-चार वेळा बघा. थंडी वाजून ताप आला, लघवी अगदी कमी झाली किंवा बंद झाली, उलट्या थांबेनात, किंवा ते गळून गेले, बोलण्यात गोंधळायला लागले, तर सोमवारची वाट न बघता थेट कॅज्युअल्टीत न्या. रविवारची मध्यरात्र असली तरी. लघवी अडलेली आणि तिथेच जंतुसंसर्ग, ही जोडी काही तासांत माणसाला आयसीयूत नेते, आणि डायबेटिस असलेल्यांना लवकर नेते. तुमच्या रिपोर्टमधली खरी तातडी एवढीच आहे, आणि ती रिपोर्टमध्ये लिहिलेली नाही. सीटीला ताप दिसत नाही. म्हणून रिपोर्ट मराठीत सांगताना हे वाक्य तुम्हालाच पदरचं घालावं लागेल.

आता तुम्ही मला पाठवलेल्या फोटोंकडे. मी ठाण्यात असे रिपोर्ट लिहिते, त्यामुळे ते फोटोत कसे पोहोचतात याची चांगली कल्पना आहे. तुमच्या पहिल्या फोटोत सातवी ओळ ‘व्हिज्युअलाइज्ड लंग बेसेस शो’ इथेच कापली गेली होती. उरलेलं वाक्य पुढच्या पानावर, सहीच्या वर होतं. दिरांना ते पान महत्त्वाचं वाटलं नाही, कारण त्यावर दीडच ओळ आणि शिक्का होता. तुम्ही ते मागवून घेतलंत हे फार बरं केलंत, कारण सगळ्या रिपोर्टमध्ये विसरून चालणार नाही अशी ओळ तीच आहे. पुढच्या वेळी सर्व पानं सपाट ठेवून उजेडात काढा आणि फोटो म्हणून नाही, डॉक्युमेंट म्हणून पाठवा. म्हणजे व्हॉट्सअॅप ती दाबून धूसर करणार नाही. दशांश चिन्ह पुसलं गेलं की ०.६ सेमीचे सहज ६ सेमी होतात.

अर्थ लावण्याआधी एक पडताळणी करा. नाव, वय, तारीख बघा. मग इम्प्रेशनमधला प्रत्येक आकडा आणि प्रत्येक डावं-उजवं वरच्या ‘फाइंडिंग्ज’शी जुळतं का ते बघा. इम्प्रेशन म्हणजे त्या लांबलचक वर्णनाचा निष्कर्ष, तेव्हा दोन्ही जुळायलाच हवीत. तुमच्या रिपोर्टमध्ये फाइंडिंग्जमध्ये खडा ६.२ गुणिले ५ मिमी, डावीकडे. इम्प्रेशनमध्ये ६ मिमी, डावीकडे. दुखणंही डावीकडेच. जुळलं. कधी वर ‘राइट’ आणि खाली ‘लेफ्ट’ असं निघतं. अशा वेळी अंदाज बांधत बसू नका, सेंटरला फोन करा. रेडिओलॉजिस्ट फिल्म पुन्हा बघून दुरुस्त रिपोर्ट देतो. त्यात संकोच करण्यासारखं काही नाही.

फाइंडिंग्जचा उपयोग या पडताळणीपुरताच करा. तो भाग घरच्यांना वाचून दाखवू नका. त्यात आम्ही काय नाही तेही लिहितो. अपेंडिक्सला सूज नाही, पोटात पाणी नाही, आतडं अडलेलं नाही. इंग्रजीत ‘नो’ वाक्याच्या सुरुवातीला येतो आणि ओळखीचा भयंकर शब्द नंतर. घाईत वाचणाऱ्याची नजर थेट त्या शब्दावर पडते. मामेसासऱ्यांनी ‘मास’ या शब्दाभोवती लाल गोल करून पाठवलाय ना, त्याच्या आधीचा शब्द त्यांना दाखवा. ‘नो ऑब्व्हियस मास’ असं आहे ते.

आता सात ओळी. त्यांचा क्रम गांभीर्याचा आहे असं धरू नका. सीटी ज्या तक्रारीसाठी केला त्याचं उत्तर बहुतेकदा पहिल्या ओळीत येतं. पुढच्या ओळी पुष्कळदा अवयवांच्या क्रमाने येतात, आणि पोटाच्या सीटीत फुप्फुसाचं फक्त तळाचं टोक दिसत असल्यामुळे ते शेवटी येतं. म्हणून ‘पहिलं मोठं, शेवटचं किरकोळ’ हा हिशेब इथे चालत नाही. मी घरच्यांशी बोलते तेव्हा प्रत्येक ओळीला एकच प्रश्न लावते: यासाठी कोणाला, कधी काही करायचं आहे? आत्ता, ठरलेल्या मुदतीत, की फक्त नोंद ठेवायची? ‘गंभीर आहे का’ या प्रश्नापेक्षा हा प्रश्न बरा, कारण याचं उत्तर रिपोर्टवरून बऱ्यापैकी देता येतं.

पहिली ओळ: डाव्या व्हीयूजेपाशी ६ मिमीचा कॅलक्युलस, त्यामुळे माइल्ड हायड्रोयुरेटरोनेफ्रोसिस आणि पेरिनेफ्रिक फॅट स्ट्रँडिंग. कॅलक्युलस म्हणजे मुतखडा. मूत्रपिंडातून लघवी खाली आणणारी नळी मूत्राशयात जिथे शिरते ते तोंड म्हणजे व्हीयूजे. सगळ्या वाटेतली ही सर्वांत अरुंद जागा. खडा तिथवर उतरून अडकला आहे, म्हणून त्याच्या मागे लघवी तुंबून नळी आणि मूत्रपिंड थोडं फुगलंय. लांबलचक शब्दाचा अर्थ एवढाच. ‘माइल्ड’ म्हणजे फुगवटा कमी आहे. सासूबाईंना स्पष्ट सांगा की किडनी गेलेली नाही. वाट मोकळी झाली की हा फुगवटा उतरतो. नुकसान होतं ते अडथळा आठवडेच्या आठवडे तसाच राहिला तर.

फॅट स्ट्रँडिंगवर थोडं थांबायला हवं. मूत्रपिंडाभोवतीच्या चरबीत सुजेच्या रेघा दिसतात, त्याला हे नाव. नुसत्या तुंबलेल्या लघवीच्या दाबानेही त्या दिसतात आणि संसर्ग असेल तरीही दिसतात. या दोहोंतला फरक सीटी खात्रीने सांगू शकत नाही. तो ताप, लघवीची तपासणी आणि रक्तातल्या पांढऱ्या पेशी सांगतात. ‘क्लिनिकल कोरिलेशन’ असं आम्ही लिहितो त्याचा अर्थ हाच: चित्रात दिसलं ते असं आहे, आता पेशंटला तपासून आणि रक्त-लघवी बघून ठरवा. पुष्कळ घरी त्याचा अर्थ ‘डॉक्टरलाच नक्की माहीत नाही’ असा लावतात. तसं नाही. तुमच्या बाबतीत गुरुवारी रात्री रक्त आणि लघवी तपासली होती का, मूत्रपिंड कसं चालतंय हे सांगणारं रक्तातलं क्रिएटिनिन किती होतं, हे बघा. झालं नसेल तर सोमवारची वाट बघू नका, आजच करून घ्या. कळव्यात किंवा ऐरोलीत कुठल्याही बऱ्या लॅबमध्ये होतं. क्रिएटिनिन कळेपर्यंत दुखण्याच्या गोळ्या दुकानातून मनाने आणून देऊ नका. डायक्लोफेनॅकसारख्या गोळ्या या दुखण्याला उत्तम लागू पडतात, पण मूत्रपिंडावर आधीच ताण असेल तर त्या तो वाढवतात, आणि डायबेटिस असलेल्या माणसाचं मूत्रपिंड आधी कसं होतं हे आपल्याला माहीत नाही.

खडा आपोआप पडेल का, हा पुढचा प्रश्न असणारच. ५ मिमीपर्यंतचे खडे बहुतेक वेळा आपोआप पडतात. ५ ते १० मिमीमधले साधारण निम्मे. खडा जितका खाली उतरलेला तितकी शक्यता जास्त, आणि तुमचा तर अगदी दाराशी आहे. म्हणून ताप नसेल, दुखणं आटोक्यात असेल आणि क्रिएटिनिन ठीक असेल तर युरोलॉजिस्ट औषधं देऊन काही आठवडे वाट बघायला सांगतील अशी शक्यता आहे. चार-सहा आठवड्यांत पडला नाही तर दुर्बिणीने काढतात. लघवी गाळणीतून गाळा. खडा सापडला तर डबीत ठेवा, तो कशाचा बनलाय हे तपासता येतं. कुळथाचं कढण द्यायचं असेल तर द्या, माझी हरकत नाही, पण त्याच्या भरवशावर सोमवारची वेळ रद्द करू नका. आणि कळ चालू असताना तांब्यावर तांब्या पाणी पाजल्याने खडा ढकलला जात नाही, दुखणं मात्र वाढू शकतं.

यातली सर्वांत फसवी गोष्ट तुमच्या प्रश्नातच आहे: ‘दुखणं थांबलंय’. दुखणं थांबलं म्हणजे खडा पडला असं नाही. इंजेक्शनने थांबतं, खडा किंचित सरकला तरी थांबतं, आणि कधी अडथळा तसाच असूनही थांबतं. खडा डोळ्यांनी पाहिलेला नसेल तर पुन्हा सोनोग्राफी करून तुंबलेलं उतरलं की नाही हे बघायलाच लागतं.

दुसरी ओळ, उजव्या मूत्रपिंडात २.१ सेमीची सिंपल कॉर्टिकल सिस्ट. चौथी, प्रोस्टॅटोमेगाली ३८ सीसी. पाचवी, मेसेंटरीत, म्हणजे आतड्यांना धरून ठेवणाऱ्या पडद्यात, सब-सेंटिमेट्रिक लिम्फ नोड्स, लाइकली रिअॅक्टिव्ह. आणि सातवी, फुप्फुसात नोड्यूल. या चारही ओळी तुमच्या घरी ‘गाठ’ या एकाच शब्दात सांगितल्या गेल्या असणार, त्याशिवाय मामेसासरे कॅन्सरवर पोहोचले नसते. चार निरनिराळ्या गोष्टी आहेत त्या. म्हणून ग्रुपवर लिहिताना ‘गाठ’ हा शब्द पूर्ण टाळा. सिस्ट म्हणजे पाण्याने भरलेला फोड, आणि ‘सिंपल’ हा त्यातला महत्त्वाचा शब्द आहे: पातळ भिंत, आत नुसतं पाणी, पडदे नाहीत. साठीनंतर अशा सिस्ट कित्येकांच्या मूत्रपिंडात दिसतात, त्यांना काही करावं लागत नाही. रिपोर्टमध्ये ‘कॉम्प्लेक्स’ असतं तर मी वेगळं बोलले असते.

प्रोस्टॅटोमेगाली म्हणजे प्रोस्टेट ग्रंथी वयाप्रमाणे मोठी झाली आहे. साधारण २०-२५ सीसीची असते, सासऱ्यांची ३८ आहे, म्हणजे मध्यम वाढ. इथे आकारापेक्षा त्रास महत्त्वाचा. रात्री किती वेळा उठावं लागतं, धार बारीक झाली आहे का, हे त्यांनी युरोलॉजिस्टना सांगावं. सुनेला हे विचारणं अवघड जाईल, नवऱ्याला किंवा दिरांना विचारायला सांगा. मुतखडा उतरायला टॅमसुलोसिन नावाची गोळी पुष्कळदा देतात, तीच प्रोस्टेटच्या त्रासालाही देतात. दिली तर पहिले काही दिवस बिछान्यातून एकदम उठू देऊ नका, चक्कर येऊन पडायची भीती असते. आणि साध्या सीटीवर प्रोस्टेटचा आकार दिसतो, प्रोस्टेटच्या कॅन्सरचं निदान होत नाही. त्यामुळे ही ओळ ना भीतीची, ना निश्चिंतीची.

लिम्फ नोड्स प्रत्येकाच्या पोटात असतात. संसर्गाशी लढणाऱ्या पेशींची ही छोटी ठाणी. ‘सब-सेंटिमेट्रिक’ म्हणजे १ सेमीपेक्षा लहान. ‘लाइकली रिअॅक्टिव्ह’ म्हणजे बहुधा कसल्यातरी साध्या कारणाने जागी झालेली. यातला ‘बहुधा’ भाषांतरात गाळू नका. आम्ही ‘लाइकली’, ‘सजेस्टिव्ह ऑफ’, ‘कॅनॉट बी रूल्ड आउट’ हे शब्द मोजून वापरतो. ‘लाइकली’ म्हणजे बराच भरवसा आहे, पण चित्रावरून शंभर टक्के म्हणता येत नाही. ‘सजेस्टिव्ह ऑफ’ म्हणजे चिन्हं त्या दिशेने जातात. पुष्कळदा तो नुसता एस-तिरकी रेघ-ओ असा लिहिलेला असतो. ‘कॅनॉट बी रूल्ड आउट’ म्हणजे शक्यता मोठी आहे असं नव्हे, या तपासणीने ती नाकारता येत नाही एवढंच. घरच्यांना सांगताना या तीन छटा जपल्या नाहीत तर एकीकडे ‘काही नाही हो’ होतं नाहीतर ‘आहेच’ होतं, आणि दोन्ही खोटं असतं.

तिसरी ओळ माइल्ड हेपॅटिक स्टिएटोसिस, यकृतावर थोडी चरबी. डायबेटिस असलेल्यांमध्ये अगदी नेहमीचं. शुगर, कोलेस्टेरॉल, वजन आणि दारू यांच्याकडे लक्ष द्यायचं निमित्त, तेही त्यांच्या नेहमीच्या फिजिशियनकडे, पुढच्या भेटीत. सहावी ओळ कमरेच्या मणक्यांची वयाप्रमाणे झालेली झीज. या वयात ती नसती तर मला आश्चर्य वाटलं असतं. कंबर दुखत नसेल तर तिच्यावर एक शब्दही खर्च करू नका.

जाता जाता आणखी एक. काही रिपोर्टमध्ये ‘ग्रेड वन’ किंवा ‘कॅटेगरी टू’ असं असतं आणि घरात लगेच ‘फर्स्ट स्टेज’, ‘सेकंड स्टेज’ सुरू होतं. प्रत्येक मोजपट्टी वेगळी असते. मॅमोग्राफीत बायरॅड्स २ म्हणजे निश्चित निरुपद्रवी, आणि ० म्हणजे सर्वांत चांगलं नव्हे तर तपासणी अपुरी, आणखी चित्रं हवीत. सोनोग्राफीतलं ग्रेड १ फॅटी लिव्हर म्हणजे कमीत कमी चरबी. आकडा कुठल्या पट्टीवरचा हे माहीत नसेल तर त्याचं भाषांतर न करता डॉक्टरांना विचारा.

आता सातवी ओळ. ‘दिसत असलेल्या फुप्फुसाच्या तळात उजव्या खालच्या भागात ७ मिमीचा नॉन-कॅल्सिफाइड नोड्यूल. छातीचा सीटी आणि जुन्या तपासण्यांशी तुलना सुचवली आहे.’ नोड्यूल म्हणजे फुप्फुसातला छोटा गोल ठिपका. आपल्याकडे क्षयाचा किंवा दुसऱ्या एखाद्या जुन्या संसर्गाचा बरा झालेला डाग म्हणून असे ठिपके कितीतरी लोकांत सापडतात आणि बहुतेक निरुपद्रवी निघतात. त्यात चुना साठलेला असता, म्हणजे ‘कॅल्सिफाइड’ असता, तर जुना डाग म्हणून सहसा सोडून देता आला असता. हा तसा नाही, म्हणजे कॅन्सर आहे असंही नाही. फक्त या एका चित्रावरून त्याला सोडून देता येत नाही.

अशा अचानक सापडलेल्या ठिपक्यांचं काय करायचं यासाठी फ्लाइश्नर सोसायटी या छातीच्या तपासण्यांतल्या तज्ज्ञांच्या संस्थेच्या २०१७ सालच्या सूचना आम्ही वापरतो. पस्तिशीच्या पुढच्या, आधी कॅन्सर नसलेल्या आणि प्रतिकारशक्ती शाबूत असलेल्या माणसांसाठी त्या आहेत. पोटाच्या सीटीत फुप्फुसाचा फक्त तळ दिसतो तेव्हा त्या असं सांगतात: ६ मिमीपेक्षा लहान असेल तर बहुधा काही करायची गरज नाही, ६ ते ८ मिमी असेल तर माणसाचा धोका बघून ३ ते १२ महिन्यांत पूर्ण छातीचा सीटी, ८ मिमीच्या वर असेल तर पूर्ण छातीचा सीटी लगेच. सासऱ्यांचा ७ आहे आणि बिडीचा इतिहास आहे, म्हणजे मधल्या गटात, धोक्याच्या बाजूला. किती महिने थांबायचं ते छातीच्या डॉक्टरांनी ठरवायचं, मला तरी ते तीन महिन्यांकडे झुकलेलं आवडेल. ते आत्ताच करू म्हणाले तरी त्यात काही चूक नाही, कारण वरचं उरलेलं फुप्फुस अजून कोणी पाहिलेलंच नाही. बिडी सोडली असली तरी ती किती वर्षं आणि दिवसाला किती ओढली हे सांगायला हवं. क्षयाचं औषध कधी घेतलं होतं का, घरात कोणाला होतं का, तेही.

त्याआधी एक काम घरीच होण्यासारखं आहे. २०२० किंवा २०२१ मध्ये कोविडच्या वेळी सासऱ्यांचा छातीचा एचआरसीटी झाला होता का? त्या दोन वर्षांत ठाणे-नवी मुंबईत कितीतरी लोकांचे झाले. झाला असेल तर कपाटावर, माळ्यावर, जुन्या फाइलीत ती फिल्म किंवा सीडी शोधा, किंवा त्या सेंटरला विचारा. नुसता जुना रिपोर्ट पुरेसा नाही, कारण त्या वेळी सगळ्यांचं लक्ष न्यूमोनियावर होतं आणि ७ मिमीचा ठिपका लिहायचा राहूनही गेला असेल. चित्रं मिळाली आणि हाच ठिपका तेव्हाही एवढाच होता असं दिसलं, तर गोष्ट जवळजवळ तिथेच मिटते, कारण दोन वर्षांहून जास्त काळ न वाढलेला भरीव ठिपका सहसा निरुपद्रवी धरतात. तेव्हा नव्हताच असं दिसलं तर छातीचा सीटी लांबवायचा नाही. जुना एक्स-रे मिळाला तर तोही न्या, पण एवढा ठिपका एक्स-रेत पुष्कळदा दिसतच नाही, म्हणून ‘एक्स-रे नॉर्मल होता’ यावर विसंबू नका. आणि पुढच्या सीटीत ७ चे ८ मिमी लिहून आले तर त्याच क्षणी ‘वाढला’ म्हणू नका. एवढा फरक मोजण्यातही पडतो, २ मिमी किंवा जास्त वाढ असेल तर ती वाढ धरतात.

हे सगळं सासऱ्यांना सांगायचं का? तुम्ही विचारलं नाहीत, पण पुढचा फोन याचसाठी येईल. माझं मत: सांगा. ‘बाबांना उगाच टेन्शन नको’ म्हणून सातवी ओळ त्यांच्यापासून लपवली तर बिडीचा आणि क्षयाचा इतिहास कोण देणार, आणि खडा पडून गेल्यावर, काही दुखत नसताना, ते छातीच्या सीटीला कशासाठी तयार होतील?

ग्रुपवर मी असा मजकूर टाकला असता. हवा तर उचला, तुमच्या घरच्या बोलीत करून घ्या:

‘बाबांच्या रिपोर्टमध्ये डाव्या बाजूला ६ मिमीचा मुतखडा आहे. तो मूत्राशयाच्या तोंडाशी अडकलाय, म्हणून मागे लघवी तुंबून किडनी थोडी फुगली आहे. किडनी गेलेली नाही. सोमवारी युरोलॉजिस्टना दाखवायचंय. त्याआधी थंडी-ताप आला, लघवी कमी झाली, उलट्या थांबल्या नाहीत किंवा बाबा गुंगल्यासारखे वाटले तर कोणालाही न विचारता ताबडतोब हॉस्पिटलमध्ये न्यायचं. उजव्या किडनीतला पाण्याचा फोड, यकृतावरची थोडी चरबी आणि मणक्यांची झीज वयाप्रमाणे आहे, त्यासाठी आत्ता काही करायचं नाही. प्रोस्टेट थोडी मोठी आहे, सोमवारी तेही विचारू. पोटातल्या लिम्फ नोड्स लहान आहेत, बहुधा साध्याच आहेत. उजव्या फुप्फुसाच्या तळाशी ७ मिमीचा एक ठिपका दिसलाय. असे ठिपके बहुतेक वेळा जुन्या डागाचे असतात, पण हा तसाच आहे की नाही हे या सीटीवरून सांगता येत नाही, म्हणून छातीच्या डॉक्टरांना दाखवून पूर्ण छातीचा सीटी करायचाय. कोविडच्या वेळचा बाबांचा एचआरसीटी कोणाकडे असेल तर आजच शोधा.’

बघा, यात ‘घाबरू नका’ कुठेच लिहिलेलं नाही. ते वाक्य वाचलं की माणसं घाबरतात. आणि रिपोर्टचा फोटो यापुढे कोणाला पाठवायचा असेल तर घरच्या ग्रुपवरून सोसायटीच्या ग्रुपवर जाऊ देऊ नका. डॉक्टरांना पाठवताना नाव आणि वय दिसायला हवं, बाकी कोणाला पाठवायचं काहीच कारण नाही.

सोमवारी जाताना सोबत नुसता कागद नाही, सीडी आणि फिल्मही न्या. युरोलॉजिस्ट पहिली आणि चौथी ओळ बघतील. त्यांच्या ओपीडीत गर्दी असते, सातव्या ओळीबद्दल ते स्वतःहून बोलतीलच असं नाही, आणि ते त्यांचं क्षेत्रही नाही. म्हणून उठायच्या आधी त्यांना ती ओळ बोटाने दाखवा आणि केस पेपरवर छातीच्या डॉक्टरांसाठी दोन ओळींची चिठ्ठी लिहून मागा. कळव्याला राहत असल्यामुळे महापालिकेच्या कळवा रुग्णालयात छातीच्या आजारांच्या ओपीडीत ती चिठ्ठी चालेल, खासगीतही चालेल. सीटीची तारीख छातीच्या डॉक्टरांकडून त्याच भेटीत ठरवून घ्या आणि ती दिरांच्या मोबाइलमध्ये नाही, तुमच्या मोबाइलमध्ये लावा. शक्य असेल तर तो सीटी त्याच सेंटरवर करा. जुनी चित्रं त्यांच्याकडेच असतात, तुलना करणं सोपं जातं. दुसरीकडे करावा लागला तर आत्ताची सीडी तिथल्या रेडिओलॉजिस्टच्या हातात तपासणीच्या आधी द्या, रिपोर्ट आल्यानंतर नव्हे.